इक्वल हाय तुटला, घेतलं आणि भाव उलटला: स्वीप की खरा ब्रेकआउट, हे कसं ओळखायचं?

माझा मावसभाऊ तासगावला बेदाण्याचं काम बघतो आणि दुपारी निफ्टी फ्युचरमध्ये एखादा सौदा करतो. गेल्या महिन्यात त्याचा चौथ्यांदा फोन आला. "दादा, परत तेच झालं." पहिल्या तीन वेळांची हकीकत एकसारखी होती. दोन हाय एकाच पातळीला लागलेले, तिसऱ्यांदा भाव वर निघाला, ह्याने घेतलं, वीस-पंचवीस गुण वर जाऊन भाव खाली आला आणि स्टॉपलॉस उडाला. चौथ्या वेळी मात्र त्याने घेतलं नव्हतं. 'स्वीप', म्हणजे हाय वरवर तोडून भाव परत खाली फिरणं, हा शब्द त्याच्या कानावर आला होता, म्हणून हाय तुटताच त्याने शॉर्ट केलं. त्या दिवशी भाव वरच गेला.

मी त्याला रविवारी सांगलीला बोलावलं आणि चारही दिवसांचे चार्ट शेजारी-शेजारी लावून बसलो. चारही नुकसानांचं मूळ एकच निघालं. प्रत्येक वेळी त्याने निर्णय भाव पातळीला शिवतानाच घेतला होता, आणि त्या क्षणी स्वीप आणि ब्रेकआउट दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. ही अडचण बऱ्याच जणांची आहे, म्हणून त्या दिवशी जे बोललो ते इथे सविस्तर लिहितो.

हायच्या वर नेमकं काय साठलेलं असतं

हरिपूरची हळदीची पेवं आमच्याकडच्या जुन्या माणसांनी पाहिलेली आहेत. जमिनीखाली खोल खड्डे, वरून मातीने बंद. रस्त्याने जाणाऱ्याला काही दिसायचं नाही, पण गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं की माल कुठे पुरलाय. स्टॉपलॉस ऑर्डरचं असंच आहे. एनएसईवर ट्रिगर न झालेली स्टॉपलॉस ऑर्डर वेगळ्या बुकात पडून राहते. स्क्रीनवरच्या मार्केट डेप्थमध्ये ती दिसत नाही. तरीही ती कुठे असणार, हे चार्ट बघणाऱ्या कोणालाही सांगता येतं. दोन वेळा भाव जिथून फिरला, त्याच्या जरा वर.

तिथे दोन प्रकारच्या लोकांच्या ऑर्डर असतात. एक म्हणजे त्या हायवरून शॉर्ट केलेले, ज्यांचा स्टॉपलॉस वर आहे. दुसरे म्हणजे 'हाय तुटला की घ्यायचं' म्हणून आधीच बाय स्टॉप लावून ठेवलेले. हेतू उलटे असले तरी दोघांच्याही ऑर्डर खरेदीच्याच. भाव त्या पातळीला पोचला की त्या एकदम बाजारात येतात.

आता विकणाऱ्याच्या बाजूने बघा. मार्केट यार्डात ज्याच्याकडे दहा पोती आहेत तो कधीही विकू शकतो. ज्याच्याकडे हजार पोती आहेत तो मंद दिवशी सगळी काढायला गेला, तर त्याच्याच मालाने भाव पडतो. त्याला खरेदीदारांची गर्दी असलेला दिवस लागतो. फ्युचरमध्ये मोठ्या विक्रेत्याला ती गर्दी इक्वल हायच्या वर मिळते. तो तिथे लिमिट सेल लावून बसतो, ट्रिगर झालेली खरेदी त्याच्या मालाने भागते, आणि खरेदी संपली की वर ढकलणारं कोणी उरत नाही. भाव खाली येऊ लागतो. मग नुकतंच वर घेतलेल्यांचे स्टॉपलॉस खाली ट्रिगर होतात आणि पडझडीला जोर येतो. यालाच स्वीप म्हणायचं. कल्पना नवी नाही. जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या, अमेरिकन बाजारतज्ज्ञ रिचर्ड वायकॉफ यांच्या पद्धतीत हीच हालचाल 'अपथ्रस्ट' या नावाने येते.

मावसभावाने विचारलं, "म्हणजे आपले स्टॉपलॉस कोणीतरी मुद्दाम खातंय?" हा समज सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं. कोणाला तुमची एक लॉटची ऑर्डर नको असते. कित्येकदा कोणी मोठा विक्रेताही नसतो. वर गेल्यावर पुढे घेणाराच मिळत नाही, एवढंच घडतं. आणि त्याच ऑर्डर खरा ब्रेकआउटही घडवतात, हे तर बहुतेक जण विसरतात. कॅरोल ऑस्लर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी एका मोठ्या बँकेकडच्या परकीय चलनाच्या प्रत्यक्ष ऑर्डर तपासून २००३ मध्ये दाखवलं, की नफा काढण्याच्या ऑर्डर गोल आकड्यांवर जमतात आणि स्टॉपलॉसच्या खरेदीच्या ऑर्डर त्या आकड्यांच्या थोड्या वर जमतात. त्यामुळे भाव गोल आकड्याशी येऊन फिरण्याचं प्रमाण जास्त, पण तो एकदा ओलांडला की हालचाल वेगवान होते. म्हणजे इंधन एकच. समोर विक्रेता उभा असेल तर त्यावर स्वीप शिजतो, नसेल तर ब्रेकआउट. समोर कोण आहे हे हाय तुटण्याआधी कळायचा मार्ग नाही. तुटल्यानंतरच्या दोन-चार कँडलमध्येच ते उमगतं.

आधी चार्ट बरोबर आहे का बघा

मावसभावाच्या चारपैकी दोन चुका इथेच होत्या. तो निफ्टीचा स्पॉट चार्ट बघून पातळी काढायचा आणि सौदा फ्युचरमध्ये करायचा. स्पॉट निफ्टी हा पन्नास शेअरच्या भावांवरून काढलेला आकडा आहे. त्यावर कोणी ऑर्डर लावत नाही, त्यामुळे त्याच्या हायवर साठलेलं असं काही नसतं. फ्युचरच्या ऑर्डर फ्युचरच्या भावावर असतात आणि दोघांतला फरक दिवसभर थोडा-थोडा हलतो. स्पॉटवर दोन हाय तंतोतंत सारखे दिसतात तेव्हा फ्युचरवर त्यांच्यात पंधरा गुणांचं अंतर असू शकतं. चालू महिन्याच्या कॉन्ट्रॅक्टचाच चार्ट उघडा. सलग जोडलेल्या चार्टवर एक्स्पायरीच्या आसपास पातळ्या सरकतात, तेव्हा मागच्या महिन्यातला हाय त्यावरून घेऊ नका.

मग 'इक्वल' म्हणजे किती जवळ? मी पंधरा मिनिटांच्या चार्टवर चौदा कँडलचा एटीआर बघतो, म्हणजे एक कँडल साधारण किती गुण हलते ते. दोन हायमधला फरक त्याच्या पाव भागाच्या आत असेल तर ते इक्वल. एटीआर ३२ असेल तर ८ गुण. ही माझी मोजपट्टी आहे, बाजाराचा नियम नव्हे. पण काहीतरी ठरलेली मोजपट्टी असली की डोळ्याला हवं ते दिसणं थांबतं.

दोन हायमध्ये भाव नीट खाली जाऊन आलेला असावा. अर्ध्या तासात शेजारी-शेजारी लागलेल्या दोन टोकांवर फारसं कोणी स्टॉपलॉस लावलेलं नसतं. कालचा एक हाय आणि आजचा त्याच पातळीचा दुसरा, ही जोडी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण रात्रभर सगळ्यांनी तो चार्ट पाहिलेला असतो.

आणि टाइमफ्रेम एकच धरा. पंधरा मिनिटांवर दिसलेल्या इक्वल हायचा निकाल पंधरा मिनिटांच्या कँडल बंद होतानाच लावायचा. मधेच पाच मिनिटांवर गेलात तर तिथला 'स्वीप' हा पंधरा मिनिटांच्या कँडलच्या आतला नुसता श्वास असतो. मावसभाऊ नेमकं हेच करायचा: पातळी पंधरावर काढायची, सौदा एक मिनिटावर.

एक स्वीप, आकड्यांसह

खालचे आकडे आम्ही त्या रविवारी ज्यावर बोललो त्या निफ्टी फ्युचरच्या चार्टवरचे आहेत, समजायला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात केलेले.

आदल्या दिवशी पावणेदोनला हाय २४,८६२. आज साडेदहाला हाय २४,८६५. फरक ३ गुण, एटीआर ३२, म्हणजे इक्वल. खाली आदल्या दिवशीचा लो २४,७४० आणि आज सकाळचा २४,७४३. साडेदहानंतर भाव २४,७८१ पर्यंत उतरला, मग वर निघाला, आणि पावणेबाराला २४,८२८ ला एक छोटा लो करून पुन्हा पातळीकडे आला. हा २४,८२८ लक्षात ठेवा. तोडण्याआधीचा शेवटचा स्विंग लो तो हाच, आणि पुढचा सगळा निकाल त्याच्यावर आहे.

सव्वाबाराची कँडल २४,८४९ ला उघडली, २४,८९३ पर्यंत गेली आणि २४,८५८ ला बंद झाली. मावसभावाने २४,८७० ला घेतलं होतं. व्हॉल्यूम आधीच्या वीस कँडलच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक. तो म्हणाला, "व्हॉल्यूम बघूनच घेतलं होतं."

इथे मी त्याला थांबवलं, कारण या जागी बरेच लोक फसतात. हाय तुटताना व्हॉल्यूम वाढणारच. साठलेले स्टॉपलॉस ट्रिगर होतात, त्यांचाच तो व्हॉल्यूम. तो स्वीपमध्येही असतो आणि ब्रेकआउटमध्येही, म्हणून नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही. बघायचं असतं ते एवढं व्हॉल्यूम खर्चून भाव किती पुढे गेला. दुप्पट उलाढाल झाली आणि कँडल पातळीच्या खाली बंद झाली, तर खरेदी जेवढी झाली तेवढा माल कोणीतरी शांतपणे दिला, हे उघड आहे.

साडेबाराची कँडल. भाव पुन्हा वर गेला, २४,८६६ ला टेकला आणि २४,८४१ ला बंद झाला. जी पातळी आधी तोडली, तीच आता खालून डोक्याला लागली. मला ही कँडल पहिल्या कँडलच्या लांब विकपेक्षा जास्त बोलकी वाटते. लांब विक कशानेही येते, एखाद्या बातमीनेही. पण पुन्हा प्रयत्न करून पातळीच्या वर टिकता न येणं, हे खरेदी आटल्याचं लक्षण आहे.

एक वाजताची कँडल २४,८१९ ला बंद झाली, २४,८२८ च्या खाली. इथे स्वीप पक्का झाला. त्याच्या आधी तो संशय होता. ओपन इंटरेस्टनेही, म्हणजे अजून उघड्या असलेल्या सौद्यांच्या संख्येनेही, हेच सांगितलं: सव्वाबाराला भाव वर जाताना तो घटला, म्हणजे शॉर्टवाले पैसे मोजून बाहेर पडत होते, साडेबारानंतर भाव उतरताना तो वाढू लागला, म्हणजे नवे शॉर्ट आले. ओपन इंटरेस्ट टर्मिनलवर जरा उशिराने बदलतो, म्हणून मी तो मागाहून ताळा म्हणून बघतो. त्यावर सौदा करत नाही.

आता सौदा कुठे करायचा? इथे खात्री आणि किंमत यांच्यात ओढाताण आहे. स्टॉपलॉस प्रत्येक वेळी २४,८९३ च्या वर, म्हणजे २४,८९८ ला. टार्गेट खालच्या इक्वल लोच्या जरा अलीकडे, २४,७४५. साडेबाराची कँडल बंद होताना २४,८४१ ला शॉर्ट केलं तर जोखीम ५७ गुण आणि मिळकत ९६. गणित बरं, पण स्वीप अजून पक्का नाही. एक वाजताच्या कँडलनंतर २४,८१९ ला केलं तर स्वीप पक्का, पण जोखीम ७९ आणि मिळकत ७४. हा सौदा करण्यात अर्थ नाही.

मी तिसरा मार्ग घेतो. पक्कं झाल्यावर भाव बहुतेकदा थोडा वर येतो, तिथे लिमिट सेल लावायची. त्या दिवशी मी २४,८४३ ला लावली होती. सव्वाची कँडल २४,८४६ पर्यंत आली आणि ऑर्डर लागली. जोखीम ५५, मिळकत ९८. पावणेतीनच्या कँडलने २४,७३८ चा लो केला, माझा सौदा त्याआधीच २४,७४५ ला निघाला होता. टार्गेट लोच्या अलीकडे ठेवण्याचं कारणही तेच: त्या लोच्या खालीही कोणाकोणाचे स्टॉपलॉस पुरलेले आहेत, आणि तिथून भाव उलटाही फिरू शकतो.

या मार्गात कित्येक सौदे हुकतात, हे आधीच सांगतो. भाव परत न येता सरळ खाली जातो आणि आपण बघत बसतो. ते सोसता येत नसेल तर साडेबाराच्या कँडलला निम्म्या संख्येने जावं. एक वाजताच्या कँडलमागे धावत विकू नये.

आणि ज्या दिवशी शॉर्ट करून फसला, तो दिवस

हाय २५,११८ आणि २५,१२१. एटीआर २८ च्या आसपास. वरवर तेच चित्र, पण पातळीपर्यंतची वाट वेगळी होती. पहिल्या हायनंतर लो २५,०४२, मग २५,०७१, मग २५,०९०. प्रत्येक वेळी भाव कमी खाली येत होता. हायवर विकणारे विकत होते, पण खाली घेणारे दर वेळी वरच्या भावाला तयार होते. असा माल हळूहळू शोषला जातो तेव्हा वरचा विक्रेता संपत आलेला असतो. पहिल्या दिवशी असं काही नव्हतं. भाव २४,७८१ वरून जवळजवळ उभा चढला होता.

ही खूण मी शंभर टक्के धरत नाही. चढते लो करूनही स्वीप झालेले मी पाहिलेत. पण असं चित्र असताना हाय तुटताच शॉर्ट करणं म्हणजे वाहत्या कृष्णेत उलटं पोहणं.

ब्रेकआउटची कँडल २५,१४४ पर्यंत गेली आणि २५,१३९ ला बंद झाली. पातळीच्या वर पाव एटीआर, म्हणजे ७ गुण, मिळवले की २५,१२८ होतात. बंद भाव त्याच्याही वर. विक जेमतेम ५ गुणांची. मावसभावाने ही कँडल चालू असतानाच २५,१३२ ला शॉर्ट केलं होतं, स्टॉपलॉस २५,१५०. पुढच्या कँडलने २५,१५८ चा हाय केला आणि स्टॉपलॉस उडाला. त्या कँडलचा लो होता २५,१३१, बंद भाव २५,१५१. म्हणजे भाव पातळीच्या वरच राहिला, खाली यायला तयारच नव्हता.

आणखी दोन कँडलनंतर भाव मागे आला. लो २५,११९, म्हणजे पातळीच्या दोन गुण खाली, आणि बंद २५,१३३. व्हॉल्यूम ब्रेकआउटच्या कँडलच्या निम्मा. याला रीटेस्ट म्हणतात. वर जाताना भरपूर व्हॉल्यूम आणि परत येताना थोडा, म्हणजे परत येताना कोणी जोर लावून विकत नाहीये. पहिल्या दिवशी हीच पातळी खालून डोक्याला लागली होती. इथे ती पायाखाली आली. माझ्या मते दोघांतला सगळ्यात भरवशाचा फरक हाच.

घ्यायचं तर इथे. २५,१३५ ला खरेदी, स्टॉपलॉस रीटेस्टच्या लोच्या अर्धा एटीआर खाली, २५,१०५ ला. जोखीम ३० गुण. खालच्या २५,०४२ पासून पातळीपर्यंतची उंची ७९, तेवढी वर मोजली की २५,२००. त्या दिवशी भाव तीनच्या सुमारास २५,१९० पर्यंत गेला. टार्गेट लागलं नाही, पण तीन वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडलं तरी जोखमीच्या दीडपट सहज हाती यायचे. ब्रेकआउटच्या कँडलमध्ये घेणाऱ्याला भाव जवळपास तोच मिळाला असता. फरक इतकाच, की रीटेस्टवर घेणाऱ्याला स्टॉपलॉस कुठे ठेवायचा हे ठाऊक असतं.

निकाल बदलतो तेव्हा

सगळ्यात चिवट अडचण तिसरीच आहे, आणि ती मला स्वतःला बरीच वर्षं नडली. कँडल पातळीच्या खाली बंद होते, आपण स्वीप समजून शॉर्ट करतो, भाव थोडा उतरतो पण आधीचा स्विंग लो तोडत नाही, आणि तासाभरात पुन्हा पातळीवर येऊन बसतो. पहिल्या प्रयत्नात वरचे बरेच स्टॉपलॉस वाजलेले असतात आणि विक्रेत्याचा मालही संपत आलेला असतो. दुसरा प्रयत्न मग पुष्कळदा खरा ठरतो.

म्हणून मी वेळेची मर्यादा ठेवतो. पातळीखाली बंद झाल्यापासून चार कँडलमध्ये, म्हणजे एका तासात, स्विंग लो तुटला नाही तर स्वीपचा अंदाज रद्द. शॉर्ट असेल तर स्टॉपलॉसची वाट न बघता बाहेर. पहिल्या उदाहरणात स्वीपच्या कँडलनंतर तिसऱ्याच कँडलला लो तुटला होता.

काही वेळा तर हे वाचन करूच नये. सकाळी ९:१५ नंतरची पहिली पंधरा मिनिटं, रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाची सकाळ, बजेटचा दिवस. अशा वेळी पातळी बातमीने तुटते आणि बातमीनेच परत येते. साठलेल्या ऑर्डरचा हिशेब तिथे लागू होत नाही. एक्स्पायरीच्या दुपारी ऑप्शनवाल्यांच्या हेजिंगमुळे भाव पातळीच्या दोन्ही बाजूंना ओढला जातो. त्या दुपारी मी फ्युचरला हात लावत नाही.

हळदीच्या वायद्यात हे चालेल का, असं इथले अडतीतले मित्र विचारतात. एनसीडीईएक्सवर हळदीची उलाढाल निफ्टीच्या मानाने फार पातळ. तिथे दोन-तीन मध्यम ऑर्डरनेही हाय तुटतो आणि लांब विक उमटते, तिच्यात साठा-बिठा काही नसतो. पंधरा मिनिटांच्या चार्टवर तिथे स्वीप शोधू नका. रोजच्या चार्टवर, आणि तेही यार्डातले सौदे कोणत्या भावाला होत आहेत हे ठाऊक असेल तरच, काही अर्थ लावता येतो.

ऑर्डरमध्ये काय बदललं

मावसभावाच्या ऑर्डर लावण्याच्या पद्धतीत आम्ही तीन गोष्टी बदलल्या. हायच्या वर आधीच लावून ठेवलेली बाय स्टॉप ऑर्डर बंद; तिच्या जागी त्या भावाचा अलर्ट. अलर्ट वाजला की चार्ट उघडायचा आणि कँडल बंद होईपर्यंत काहीही करायचं नाही. ऑर्डर तिथे आधीच पडलेली असली की तो स्वतःच त्या साठ्याचा भाग होता. आता तो बाहेर उभा राहून साठा कोणाच्या पदरात जातो ते बघतो.

दुसरं, शॉर्ट असताना स्टॉपलॉस हायच्या दोन-तीन गुण वर ठेवणं बंद. सगळ्यांचा तिथेच असतो. आता तो निदान एक एटीआर वर, आणि ट्रिगर व लिमिट भावात पुरेसं अंतर ठेवून. तो आधी दोन्हीत एकाच गुणाचं अंतर ठेवायचा. झपाट्याने वर जाणाऱ्या भावात ट्रिगर वाजायचा, पण लिमिटच्या वर भाव निघून गेल्याने ऑर्डर तशीच लटकायची. एकदा त्याचं नुकसान असं दुप्पट झालं होतं.

तिसरं, स्टॉपलॉस लांब गेला म्हणजे संख्या कमी हवी. लॉट ७५ चा धरला तर ५५ गुणांचे ४,१२५ रुपये होतात (लॉट साइझ एक्स्चेंज वेळोवेळी बदलतं, ताजं बघून घ्या). त्याची एका सौद्यातली सोसायची मर्यादा ३,००० आहे. फ्युचरचा अर्धा लॉट मिळत नाही, म्हणून असा सौदा त्याने सोडायचा, किंवा तीच दिशा मर्यादित नुकसानीच्या पुट स्प्रेडने घ्यायची. पहिल्या दिवशीचा शॉर्ट त्याच्या खात्याला परवडणाराच नव्हता, आणि हे त्याला त्या रविवारी पहिल्यांदा आकड्यात दिसलं.

निघताना त्याने वहीत प्रत्येक इक्वल हायसाठी चार रकाने आखून घेतले: तोडणारी कँडल कुठे बंद झाली, पुढच्या कँडलने पातळीला कुठून स्पर्श केला, वरून की खालून, आधीचा स्विंग लो किती, आणि तो किती कँडलमध्ये तुटला. तीस नोंदी होईपर्यंत सौदा करायचा नाही असं त्यानेच ठरवलं. काल त्याच्या नोंदी अकरावर पोचल्या होत्या.